जिरली, बरं झालं!

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि सगळे हसले, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण आपल्या मनात ठसलेलं चित्र बरंचसं दूरदर्शनवरच्या मालिकेचं आहे. आंधळ्याच्या मुलाबद्दलचं द्रौपदीच्या तोंडचं ते कुप्रसिद्ध वाक्य सभापर्वात नाहीच. तिथे हा प्रसंग दोनदा येतो. पहिल्यांदा निवेदक सांगतो : स्फटिकाची जमीन पाणी समजून दुर्योधनानं वस्त्र वर धरलं, पुढे खरं पाणी जमीन समजून तो त्यात पडला, भीम हसला, अर्जुन आणि नकुल-सहदेवही हसले, आणि राजाच्या आज्ञेनं त्याला कोरडी वस्त्रं दिली गेली. दुसऱ्यांदा हाच प्रसंग दुर्योधन बापाला ऐकवतो, तेव्हा हसणाऱ्यांत कृष्ण आलेला असतो, द्रौपदी आलेली असते, तिच्यासोबतच्या स्त्रियाही आलेल्या असतात. हसणाऱ्यांची यादी पडणाऱ्याच्या तोंडी वाढते.

हसणारे कोण होते, तेही बघायला हवं. लाक्षागृहाच्या आगीतून निसटलेले, एकचक्रेत भिक्षा मागून जगलेले आणि वाटणीत खांडवप्रस्थाचं रान मिळालेले भाऊ. ज्यानं हे सगळं घडवून आणलं तो समोर ओलाचिंब उभा. त्यांना कुणी विचारलं असतं, की तुम्ही का हसलात, तर भीम म्हणाला असता, की त्याची हीच लायकी आहे. उलट दुर्योधन. पांडवांचं वैभव बघून आपण जळून चाललो आहोत, हे तो शकुनीपाशी आणि बापापाशी उघड बोलतो आणि पुढे द्यूतसभेत त्याच पांडवांची दैना हसत बघतो. फजिती बघून येणारा आनंद दोन्हीकडे आहे. एकीकडे तो न्यायाच्या नावानं येतो, दुसरीकडे मत्सरातून. प्रश्न असा, की आतून हे दोन आनंद खरंच वेगळे असतात का? आणि आपल्याला होतो तो यातला कोणता, हे ओळखायचं कसं?

जर्मन भाषेतलं ‘शाडनफ्रॉइड’ हे नाव घेऊन मानसशास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं या आनंदाच्या मागे लागले आहेत. त्यांच्या कामातला एक प्रयोग मला मुळाशी जाणारा वाटतो. 1996 साली अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे रिचर्ड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका मुलाच्या मुलाखतीची चित्रफीत दाखवली गेली. मुलगा त्यांच्यासारखाच कॉलेजातला, डॉक्टर व्हायची स्वप्नं बघणारा. फरक इतकाच, की काही जणांना जो मुलगा दिसला तो सर्व बाजूंनी सरस होता. अभ्यासात पुढे, घरचं बरं आणि पुढची वाट आखलेली. बाकीच्यांना दिसलेला मुलगा बेताचा होता, धडपड करत कसाबसा टिकलेला. चित्रफितीच्या शेवटी एक बातमी येत होती : हा मुलगा ज्या प्रयोगशाळेत काम करायचा तिथून ॲम्फेटामिन चोरताना पकडला गेला आणि त्याचा वैद्यकीय प्रवेश लांबणीवर पडला.

मग प्रश्नावली. ‘तुम्हाला आनंद झाला का’ असं सरळ विचारलं तर कुणी ‘हो’ म्हणणार नाही, म्हणून ते प्रश्न इतर प्रश्नांच्या गर्दीत पेरले होते. चोरी दोन्हीकडे तीच, शिक्षाही तीच. तरीही सरस मुलगा पकडला गेल्याचं ऐकून विद्यार्थ्यांना जास्त बरं वाटलं. चित्रफीत बघताना, म्हणजे चोरीची बातमी यायच्या आधी, मनात किती मत्सर उठला होता, हे तपासलं तेव्हा आनंदातला हा फरक त्यातूनच उलगडला.

आपल्याकडे याच प्रयोगाची घरगुती आवृत्ती दरवर्षी निकालाच्या दिवसांत होते. कॉलनीतल्या ज्या पोराचे टक्के वर्षभर आपल्या पोराला ऐकवले, त्यालाच प्रवेश परीक्षेत मार बसला, की चार घरांतून ‘अरेरे’ निघतं आणि त्या दिवशीचा चहा जरा जास्त गोड लागतो. त्या पोरानं तर कसली चोरीही केलेली नसते.

केंटकीच्या प्रयोगावर पहिला मोठा आक्षेप आला तो मात्र चोरीवरूनच. चोर पकडला गेला आणि लोकांना बरं वाटलं, यात मत्सराला कशाला ओढायचं? हा आक्षेप ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या नॉर्मन फेदर यांच्या कामातून उभा राहिला. त्यांच्या देशात खसखशीच्या शेतात उंच वाढलेलं फूल छाटून टाकायचं, असा एक वाक्प्रचारच आहे, आणि मोठ्या माणसांच्या पडण्याबद्दल लोकांना काय वाटतं याचा अभ्यास ते 1980 च्या दशकापासून करत होते. 2002 साली रिबेका शेरमन यांच्यासोबत त्यांनी विद्यार्थ्यांना एका हुशार मुलाची गोष्ट वाचायला दिली. काहींच्या गोष्टीत त्याचं यश मेहनतीचं होतं, काहींच्या गोष्टीत ते त्याच्या लायकीपेक्षा जास्त होतं. पुढे तो मुलगा नापास होतो. फेदर यांनी दोन भावना वेगवेगळ्या मोजल्या. त्याच्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, हा मत्सर. त्याला मिळालं ते त्याच्या हक्काचं नव्हतं, ही चीड. त्यांच्या हिशेबात आनंदाशी जोडली गेली ती चीड. मत्सराचा वाटा त्यात वेगळा दिसला नाही.

म्हणजे प्रकरण मिटलं आणि भीम जिंकला, असं वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण फेदर यांच्या प्रयोगात यश लायकीचं की बिनलायकीचं, हे वाचणाऱ्याला आयतं सांगितलेलं होतं. रोजच्या जगण्यात ते आपण स्वतःच ठरवतो, आणि ठरवताना हात मोकळा असतो. पुढे गेलेल्या माणसाचा वशिला असतो, बापाचा पैसा असतो, जात असते, बायकोचं माहेर असतं, साहेबाकडे रोज हजेरी असते. काहीच सापडलं नाही तर नशीब असतंच. यातलं बरंचसं खरंही असतं, म्हणून तर ही सोय इतकी टिकाऊ आहे. पण ही चौकशी आपण फक्त आपल्या वर असलेल्यांची करतो. आपल्या खाली राहिलेला माणूसही वशिल्यानंच तिथवर आला असेल, हे शोधून काढायला कुणी रात्र जागवत नाही. मत्सर आधी येतो आणि मग चीड त्याला कारण पुरवते, हा क्रम प्रश्नावलीत सहसा सापडत नाही, कारण तोवर माणसाचं स्वतःचंच समाधान झालेलं असतं, की आपली तक्रार तत्त्वाची आहे.

ॲरिस्टॉटलनं ही गुंतागुंत फार पूर्वी हेरली होती. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तो दोन टोकांमधली एक योग्य भावना सांगतो : ज्याची लायकी नाही त्याचं भलं झालं तर माणसाला खुपावं. याच्या एका टोकाला मत्सरी माणूस, ज्याला कुणाचंही भलं खुपतं. दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच्या वाइटात रमणारा. वक्तृत्वावरच्या ग्रंथात मात्र तो अधिक नेमकं बोलतो. मत्सरी आणि दुसऱ्याच्या वाइटात रमणारा ही एकच व्यक्ती आहे, असं तिथे तो म्हणतो. आणि न्यायाची चाड असलेल्या माणसाला लायक नसलेल्याचं वैभव जसं खुपतं, तसंच निरपराध माणसावर कोसळलेलं संकटही खुपलं पाहिजे, अशी अटही घालतो. दोन्ही बाजूंनी खुपणं असेल तरच ते न्यायाचं.

या अटीतून एक कसोटी निघते, आणि ती घरबसल्या वापरता येते. धरा, एका हाउसिंग सोसायटीचा अध्यक्ष आहे. गाडी मोठी, आवाज मोठा, बैठकीत दुसऱ्याला बोलू न देणारा. लेखापरीक्षणात पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या बिलांत घोळ सापडतो आणि त्याला खाली उतरावं लागतं. जिन्यात लोक एकमेकांकडे बघून हसतात आणि ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ म्हणतात. आता समजा, हाच घोळ आधीच्या गरीब स्वभावाच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा सचिवाच्या काळात सापडला असता. तेवढाच आनंद झाला असता का? बहुधा ‘बिचाऱ्याला हिशेब जमत नव्हते’ म्हणून विषय संपला असता. आणि त्याहून कडक तपासणी पुढची. सहा महिन्यांनी कळतं, की बिलं खरी होती, चूक लेखापरीक्षकाचीच होती. ज्याला घोळाचा राग होता त्याला हे ऐकून हायसं वाटलं पाहिजे : सोसायटीचे पैसे शाबूत आहेत, माणूसही निर्दोष आहे. पण अध्यक्ष सुटल्याचं ऐकून मनात चुटपुट लागली, ‘काहीतरी असेलच’ असं तोंडातून निघालं, तर हवा होता तो न्याय नव्हता. माणूस खाली आलेला हवा होता, आणि घोळ हे निमित्त होतं.

न्यायाचा आनंद म्हणून काही नसतंच, असं मात्र मी म्हणणार नाही. 2006 साली लंडनमध्ये टानिया सिंगर यांच्या गटानं 32 जणांना पैशांचा एक खेळ खेळायला लावला. त्यात एक साथीदार सचोटीनं खेळायचा, दुसरा दगा द्यायचा, दोघंही प्रयोगकर्त्यांचेच. नंतर त्या दोघांच्या हाताला विजेचे दुखरे झटके दिले जाताना मूळ खेळाडू मेंदूच्या स्कॅनरमधून बघत होते. सचोटीच्या साथीदाराला झटका बसला तेव्हा स्त्री-पुरुष सगळ्यांच्याच मेंदूत वेदनेशी संबंधित भाग जागे झाले. दगाबाजाला बसला तेव्हा पुरुषांमधली ही सहवेदना बरीच ओसरली आणि त्याऐवजी बक्षीस मिळताना जो भाग जागा होतो तो जागा झाला. ज्याला सूड हवासा वाटत होता, त्याच्या मेंदूत जास्त. स्त्रियांमध्ये असा आनंद दिसला नाही. यावरून पुरुषजातीबद्दल निष्कर्ष काढायची घाई करू नये. शिक्षा शारीरिक होती म्हणूनही असं झालं असेल, हे संशोधकांनीच नोंदवलं आहे. पण एक गोष्ट खरी, की इथे दगाबाज कुणापेक्षा वरचढ नव्हता आणि त्याचा हेवा वाटण्यासारखं काही नव्हतं. त्यानं समोरच्याला फसवलं होतं, एवढंच.

मत्सर अंतर बघून येतो, आणि तो जवळच्याचाच येतो. हे दाखवणारा प्रयोग 2009 साली जपानमधल्या चिबा इथल्या संस्थेत हिदेहिको ताकाहाशी यांनी केला. 19 जणांना एका गोष्टीतला नायक आपण आहोत अशी कल्पना करायला सांगितलं. गोष्टीत आणखी तीन विद्यार्थी होते. पहिला नायकासारखाच : तेच लिंग, तेच ध्येय, तेच छंद, पण प्रत्येक बाबतीत पुढे. दुसराही पुढे, पण त्याची वाट पूर्ण वेगळी. तिसरा वाटेनं वेगळा आणि बेताचाच. मत्सर सर्वांत जास्त वाटला तो पहिल्याचा, आणि तेव्हा मेंदूतला जो भाग जागा झाला तो दुखण्याखुपण्याशी जोडला जातो. पुढच्या टप्प्यात पहिल्यावर आणि तिसऱ्यावर संकटं आली. पहिल्याच्या संकटानं बक्षिसाचा भाग चेतवला, तिसऱ्याच्या संकटानं नाही. आणि आधी ज्याला जास्त दुखलं होतं, त्याला नंतर जास्त सुखावलं. माणसं 19च आणि संकटं कागदावरची, हे लक्षात ठेवायला हवं. शिवाय बक्षिसाचा तो भाग पैशानं आणि गोडधोडानंही जागा होतो, तेव्हा नुसत्या चित्रावरून कुणाच्या मनातलं वाचता येत नाही. पण भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला या निष्कर्षात नवल वाटणार नाही. मुंबईत कुणी किती मजले चढवले याचं गावात कुणाला काही नसतं. चुलतभावाच्या बोअरला पाणी लागलं, की झोप उडते. आणि बोअर आटली, की मोटर जळाल्याची चौकशी करायला आपण सर्वांत आधी पोहोचतो.

जवळच्याचंच का खुपतं? कारण तो आपली मोजपट्टी असतो. इथे प्रश्न त्याच्या उंचीवरून आपल्या किमतीवर येतो. कॉलिन लीच आणि रसेल स्पिअर्स यांनी नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या निमित्तानं हे तपासलं. डच लोकांच्या मनात जर्मनीचं एक जुनं शल्य आहे. 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीनं त्यांना 2-1 असं हरवलं होतं. 1998 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत क्रोएशियानं जर्मनीला 3-0 असं लोळवलं. डच लोकांचं यात देणंघेणं काही नव्हतं. तरीही ज्यांना फुटबॉलची आच होती त्यांना आनंद झाला, आणि आपला संघ कसा कमी पडतो याची ज्यांना आठवण करून दिली गेली त्यांना तो जास्त झाला. पुढच्या कामात या दोघांनी असं मांडलं, की जिंकणाऱ्याचा मत्सर किंवा नावड यापेक्षा आपल्या हरण्याची सल या आनंदाला जास्त जोर देते. पाकिस्तान तिसऱ्याच कुणाकडून हरल्यावर आपल्याकडे फुटणारे फटाके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

द्यूतसभेचं दृश्य या नजरेनं बघण्यासारखं आहे. दुःशासन द्रौपदीला दासी म्हणून हिणवतो तेव्हा व्यास सांगतात, की कर्ण फार हर्षित झाला आणि मोठ्यानं हसला. त्या सभेत स्वतःच्या जागेबद्दल सर्वांत साशंक असलेला माणूस कर्णच होता. सूतपुत्र म्हणून आयुष्यभर हिणवला गेलेला. क्षत्रिय राण्यांमधली सर्वांत मानाची राणी दासी ठरते, या बातमीची किंमत त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार? मराठीत कर्णावर इतकं प्रेमानं लिहिलं गेलं आहे, की त्याचं हे हसणं आपण चटकन नजरेआड करतो. मला तर ते त्याच्या दानशूरपणापेक्षा जास्त माणसासारखं वाटतं, आणि जास्त भयंकरही.

म्हणून मी या आनंदाची वाटणी अशी करीन. बुडालेल्या सहकारी बँकेचा संचालक पकडला गेला, की ठेवीदाराला जो आनंद होतो तो मला पूर्ण मान्य आहे. पतंजलींनी पुण्यवानाबद्दल मुदिता सांगितली आणि अपुण्यवानाबद्दल उपेक्षा, पण ज्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे अडकले आहेत त्याला उपेक्षा शिकवायला मी जाणार नाही. त्याच्या आनंदाला हिशेब आहे. ठेव व्याजासकट परत मिळाली, तर संचालक सुटला काय आणि राहिला काय, तो विसरून जाईल. अडचण आहे ती त्या बँकेत ज्याचं खातंच नव्हतं आणि तरीही जो अटकेची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघतो, संचालकाच्या मुलाच्या रडण्यापर्यंत बघतो, त्याची. त्याला परत मिळण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्याचं बघणंही थांबत नाही.

त्याचं काय हरवलेलं असतं, हे शोधायला नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या विल्को व्हान डाइक यांचं काम उपयोगी पडतं. 2011 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं आणि मग त्याला बसलेल्या फटक्याबद्दल. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना त्या फटक्यानं जास्त आनंद झाला, आणि तो त्याच्या यशानं आपण उणे ठरतो या भावनेतून आलेला होता. मग त्यांनी काही जणांना, स्वतःच्या आयुष्यात आपल्याला काय मोलाचं वाटतं, याचा विचार करायची संधी दिली. त्यांच्यात हा आनंद ओसरला. त्या यशस्वी विद्यार्थ्याबद्दल कुणी त्यांना चांगला शब्द सांगितला नव्हता, दया करायला सांगितलं नव्हतं, मत्सर वाईट असतो असा उपदेशही केला नव्हता. त्याचं नावही काढलं नव्हतं.